सकाळचं गरम लिंबूपाणी: पोट साफ होतं की दात झिजतात?



या वेळचा लेख एका चुकीपासून सुरू करते. ती चूक माझीच आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी मंगरूळपीरमधल्या आपल्या एका वस्तीत महिलांची बैठक होती. विषय होता वाढतं वजन आणि साखरेचा आजार. बोलता बोलता मी सांगून गेले, “सकाळी उठल्याबरोबर चहा कशाला? गरम पाण्यात लिंबू पिळून घ्या.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तेव्हा तेच घेत होते. मोबाइलवरच्या व्हिडिओत रोज कुणी ना कुणी तेच सांगत होतं. नर्सिंग शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर बायकांनी ते लगेच मनावर घेतलं.

दोन-अडीच वर्षांनी त्याच बैठकीतल्या एक वहिनी वाटेत भेटल्या. वय अडतीस-चाळीस असेल. उन्हाळ्याचे दिवस होते. मी त्यांना माठातलं पाणी दिलं, तर त्यांनी घोट घेतला आणि गालावर हात ठेवला.

“काय झालं वहिनी?”

“दात आंबतात हो ताई. थंडं पाणी पेववतच नाही मले. चिंच खाल्ल्यावानी दात शिवशिवतात. आन हे पहा, समोरचे दात कसे पिवळे पडले. मी तं रोज घासते.”

मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, “तुमीच तं सांगतलं होतं लिंबूपाणी. ते मी एक दिवसही चुकवलं नाही.”

ते ऐकून मी त्यांना घरात बसवलं आणि खोदून खोदून विचारलं. त्यांची सकाळ कशी जाते, लिंबू किती, पाणी किती, दात केव्हा घासतात. त्यांनी जे सांगितलं त्यातच आजच्या लेखाचा सगळा धडा आहे.

वहिनींची रोजची सकाळ

पहाटे पाचला उठायचं. चुलीवर पाणी गरम करायचं. मोठ्या ग्लासात एक अख्खं कागदी लिंबू पिळायचं. कधी त्यात चमचाभर मध टाकायचं. मग तो ग्लास जवळ ठेवून पीठ मळायचं, भाजी चिरायची आणि अधूनमधून एकेक घोट घ्यायचा. ग्लास संपायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. ग्लास संपला की तोंडातला आंबटपणा जावा म्हणून लगेच लाल दंतमंजन घेऊन बोटाने खसखस दात घासायचे. त्यानंतर चहा.

वरवर पाहता यात वावगं काहीच दिसत नाही. दारू नाही, खर्रा नाही, दात न घासण्याचा आळसही नाही. पण दाताच्या बाजूने पाहिलं तर यातली जवळजवळ प्रत्येक पायरी उलटी आहे. ती कशी, ते समजायला आधी दात पाहू.

दाताचं कवच कशाचं असतं

दाताचा जो पांढरा, चकचकीत भाग आपल्याला दिसतो त्याला इनॅमल म्हणतात. आपण त्याला दाताचं कवच म्हणू. आपल्या शरीरातली ही सर्वांत कठीण वस्तू आहे, हाडाहूनही कठीण. चावायच्या टोकाशी ते साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीकडे येता येता अगदी पातळ होतं.

हे कवच मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या क्षारांचं बनलेलं आहे. त्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, कारण तिथे पेशी काम करतात. दाताचं कवच मात्र एकदा झिजून गेलं की शरीर ते पुन्हा तयार करू शकत नाही. नुसतं मऊ पडलेलं असेल तर लाळेतले क्षार ते पुन्हा घट्ट करू शकतात. मऊ पडणं आणि झिजून जाणं यांतला हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

कवचाच्या आत पिवळसर रंगाचा थर असतो, त्याला डेंटिन म्हणतात. त्यात अगदी बारीक नळ्या असतात आणि त्या दाताच्या नसेच्या दिशेने जातात. कवच पातळ झालं की आतला पिवळा रंग दिसायला लागतो. डेंटिन उघडं पडलं की थंड, गरम, आंबट, गोड त्या नळ्यांतून थेट नसेला टोचतं. वहिनींचे दात पिवळे पडले आणि आंबायला लागले, त्या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं. दात मळले नव्हते, कवच पातळ झालं होतं.

लिंबाचा आंबटपणा किती

आंबटपणा मोजायला पीएच नावाचं माप वापरतात. साधं पाणी सातच्या आसपास असतं. आकडा जितका खाली, तितका आंबटपणा जास्त. आणि हे माप साधं नाही. एक आकडा खाली गेलं की आंबटपणा दहापट होतो, दोन आकडे खाली गेलं की शंभरपट.

तोंडातला पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या कवचातले क्षार विरघळायला लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या घरात असतो. म्हणजे तो कवचाच्या सहनशक्तीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी खाली आहे.

इथे पुष्कळ जण म्हणतात, “पण आपण नुसता रस कुठे पितो? पाण्यात टाकून पितो.” बरोबर आहे, पण एका ग्लास पाण्यात लिंबू पिळलं तरी पीएच तीनच्या आसपासच राहतो. साडेपाच आणि तीन यांत अडीच आकड्यांचं अंतर आहे, म्हणजे शंभरपटीहूनही जास्त. पाण्याने चव सौम्य लागते. दाताच्या दृष्टीने मात्र ते पाणी आंबटच असतं.

शिवाय लिंबात जे सायट्रिक आम्ल असतं ते दोन बाजूंनी काम करतं. एक तर ते आंबट आहे, आणि दुसरं म्हणजे ते कॅल्शियमला धरून ठेवतं, ओढून घेतं. पाणी गरम असलं की हे सगळं थंड पाण्यापेक्षा जास्त वेगाने होतं.

घरी करून पाहा

माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतः पाहा. अंड्याच्या टरफलाचे तीन सारखे तुकडे घ्या. एक वाटीभर साध्या पाण्यात टाका. दुसरा ग्लासभर पाण्यात एक लिंबू पिळून त्यात टाका. तिसरा वाटीत दोन लिंबांचा नुसता रस काढून त्यात टाका. रसातल्या टरफलावर थोड्याच वेळात बारीक बुडबुडे दिसायला लागतील. रात्रभर ठेवा आणि सकाळी तिन्ही तुकडे बोटांत धरून दाबून पाहा. मुलांनाही दाखवा.

एक खुलासा मात्र हवा. टरफल आणि दात एकाच वस्तूचे नाहीत. टरफल चुनखडीसारख्या क्षाराचं असतं आणि ते दातापेक्षा फार लवकर विरघळतं. दात एका रात्रीत असा होत नाही, आणि तोंडात लाळही असते. टरफलावरून एवढंच कळतं की आंबट पाणी कॅल्शियमच्या कवचाशी काय करतं. दाताला तेच व्हायला महिने आणि वर्षं लागतात.

लाळ काय करते, आणि पहाटे ती कुठे असते

आपण आंबट खातोच. चिंच, कैरी, बोरं, ताक, टमाटे. मग सगळ्यांचे दात का झिजत नाहीत? कारण आपल्याकडे लाळ आहे. लाळ आंबटपणा धुऊन काढते, त्याचा जोर मोडते आणि मऊ पडलेल्या कवचाला क्षार परत देते. आंबट खाल्ल्यावर तोंड पुन्हा पूर्वपदावर यायला साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. जेवताना लाळ भरपूर सुटते, म्हणून जेवणातल्या आंबटाचा त्रास कमी होतो.

झोपेत मात्र लाळ फार कमी सुटते. पहाटे उठल्यावर तोंड कोरडं, चिकट वाटतं ते त्यामुळेच. म्हणजे जेव्हा दातांचा राखणदार जागेवर नसतो, नेमक्या त्याच वेळी आपण रिकाम्या तोंडात गरम आणि आंबट पाणी घेतो.

आता वहिनींचा हिशेब मांडू. त्या वीस-पंचवीस मिनिटं घोट घोट घेत. लाळ आंबटपणा मोडायला लागायची आणि तेवढ्यात पुढचा घोट यायचा. शेवटच्या घोटानंतर लाळेला आणखी निदान अर्धा तास हवा. म्हणजे दररोज जवळजवळ तासभर कवच आंबटात. तोच ग्लास त्यांनी एका दमात प्यायला असता तर आंबटाचा वेळ निम्म्यावर आला असता.

पण सर्वांत मोठं नुकसान शेवटच्या पायरीत होतं. कवच मऊ पडलेलं असतानाच त्या खरखरीत मंजनाने ते घासत होत्या. अर्धा-पाऊण तास थांबल्या असत्या तर लाळेने काही अंशी ते कवच घट्ट केलं असतं. लगेच घासल्यामुळे मऊ पडलेला पातळ थर निघून गेला. एका दिवसाचं झिजणं डोळ्यांना दिसत नाही. पण दोन वर्षांत सातशे तीस सकाळी येतात.

म्हणून सांगते, आंबटाने मऊ करणं आणि मंजनाने खरवडणं ही जोडी वाईट. राख, कोळसा, मीठ, मशेरी, खरखरीत मंजन यांपैकी जे कुणी वापरत असेल त्याच्या दातांना लिंबूपाण्याचा त्रास लवकर होतो.

हे किडणं नाही, झिजणं आहे

वहिनींना वाटत होतं दात किडले. मी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पाहून सांगितलं की कीड नाही, आम्लाने झालेली झीज आहे. दोन्हींतला फरक आपल्यालाही ओळखता येतो.

कीड जंतूंमुळे लागते. दाताला चिकटलेल्या गोडावर जंतू वाढतात, ते आम्ल तयार करतात आणि एका जागी खड्डा पडतो. तो बहुधा काळा किंवा तपकिरी, मऊ आणि एका-दोन दातांत असतो. लिंबाच्या आम्लाला जंतूंची गरज नाही. ते ज्या ज्या दाताला लागतं तिथे पसरून झिजवतं. म्हणून झिजलेला दात काळा नसतो, उलट गुळगुळीत आणि काचेसारखा तुळतुळीत दिसतो.

सकाळच्या उजेडात आरसा घेऊन पाहा. समोरच्या दातांची टोकं पारदर्शक, निळसर दिसतात का? पलीकडचा उजेड टोकातून दिसल्यासारखा वाटतो का? दात मधल्या भागात पूर्वीपेक्षा पिवळे झाले का? दाढेच्या उंचवट्यांवर बारीक वाटीसारखे खळगे पडले का? आणि एखाद्या दाढेत जुनं सिमेंट किंवा चांदी भरलेली असेल तर ती दातापेक्षा वर आल्यासारखी जिभेला लागते का? भरलेलं साहित्य तसंच राहतं आणि आजूबाजूचा दात खाली जातो, म्हणून असं वाटतं. वहिनींना यातली तीन लक्षणं होती.

अशी झीज दिसली म्हणजे लिंबूच कारण आहे असं मात्र नाही. वारंवार घशाशी आंबट येणं, गरोदरपणातल्या खूप उलट्या, रोज कोल्ड्रिंक पिणं, यांनीही तसंच होतं. पोटातलं आम्ल वर येत असेल तर वरच्या समोरच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू जास्त झिजते. तिथे जीभ फिरवून पाहा. ती बाजू झिजली असेल तर डॉक्टरांना घशाशी येणाऱ्या आंबटाबद्दल जरूर सांगा.

मग फायदा काय सांगतात, आणि खरं काय

एवढं सहन करून आपल्याला मिळतं काय, तेही पाहू. पहिला दावा ‘डिटॉक्स’चा, म्हणजे शरीरातलं विष बाहेर टाकण्याचा. लिंबाच्या रसावर राहून शरीर धुऊन काढायची कल्पना अमेरिकेत स्टॅन्ली बरोज नावाच्या माणसाने पसरवली. त्याचं ‘द मास्टर क्लेन्झर’ हे पुस्तक १९७६ साली आलं. त्यात लिंबाचा रस, मॅपल झाडाचा गोड पाक आणि तिखट मिरची पाण्यात घालून दिवसचे दिवस तेच प्यायला सांगितलं होतं. पुढे सिनेमा-गाण्यांतल्या मोठ्या लोकांनी ते केलं, त्याची बातमी झाली आणि फिरत फिरत ते आपल्या मोबाइलवर आलं. आपल्याकडे निसर्गोपचारात लिंबू-मध-पाणी आधीपासून होतंच. दोन्ही मिसळून गेलं.

असं सांगणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारा: कोणतं विष? त्याचं नाव काय, आणि ते बाहेर पडलं हे कशात मोजलं? याचं उत्तर मिळत नाही. शरीरात नको असलेल्या वस्तू तयार होतात हे खरं. प्रथिनं पचल्यावर अमोनिया तयार होतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो लघवीतून बाहेर टाकतात. आपली दोन मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं शरीरात परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर जाते. हे काम लिंबू पिणाऱ्याच्या आणि न पिणाऱ्याच्या शरीरात सारखंच चालतं. आणि हे अवयव खरोखर बिघडले तर लिंबाने दुरुस्त होत नाहीत. पायावर सूज, लघवी कमी, डोळे पिवळे अशी लक्षणं असताना कुणी लिंबूपाणी पीत घरी बसलं तर त्यात जिवाचा धोका आहे. त्या माणसाने लगेच दवाखाना गाठायला हवा.

दुसरा दावा असा की लिंबू पोटात गेल्यावर शरीर ‘अल्कलाइन’ होतं, म्हणजे आंबटपणा निघून जातो. रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं. हे काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. लिंबाने फार तर लघवीचा आंबटपणा थोडा बदलतो, रक्ताचा नाही. आणि पुढे काहीही होवो, तोंडातून जाताना ते आम्लच असतं.

तिसरा दावा वजनाचा. इथे एक खरी गोष्ट आहे. कुणी दोन चमचे साखरेचा चहा सोडून त्याजागी लिंबूपाणी घेतलं, तर साखर कमी झाल्याने थोडा फरक पडू शकतो. तो फरक साखर गेल्याचा आहे, लिंबू आल्याचा नाही. लिंबाने चरबी वितळत नाही. वरून मध टाकलं तर साखर परत आली. मधही दाताला चिकटणारी साखरच आहे आणि मधुमेहात तिचा हिशेब धरावाच लागतो.

चौथा दावा पोट साफ होण्याचा. रात्रभर पाणी न पिता उठल्यावर ग्लासभर कोमट पाणी प्यायलं की पुष्कळांचं पोट हलतं. वहिनीही हेच म्हणाल्या, “पण पोट तं साफ होते ना ताई!” मी त्यांना पंधरा दिवस नुसतं कोमट पाणी घ्यायला सांगितलं. पोट तसंच साफ होत राहिलं. जे काम पाणी करत होतं त्याचं श्रेय लिंबाला मिळत होतं.

लिंबाची खरी जागा ताटात आहे

याचा अर्थ लिंबू वाईट, असा मुळीच नाही. लिंबात क जीवनसत्त्व आहे. एका लहान कागदी लिंबाच्या रसात ते फार तर दहा-पंधरा मिलिग्रॅम मिळतं. बाईला दिवसाला साधारण ६५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे नुसत्या लिंबावर गरज भागत नाही. त्यासाठी पेरू आणि आवळा लिंबापेक्षा कितीतरी सरस.

पण लिंबू एक काम फार चांगलं करतं. मेथी, पालक, मटकी, तूर, हरभरा यांत लोह असतं, पण ते शरीर सहज घेत नाही. त्याच घासासोबत आंबट आणि क जीवनसत्त्व असलं की ते लोह जास्त प्रमाणात अंगी लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या वस्तीतल्या मायबहिणी त्यातच येतात. म्हणून पहाटेच्या ग्लासातलं ते अर्धं लिंबू वाचवा आणि दुपारच्या ताटातल्या वरणावर, मटकीच्या उसळीवर, पालेभाजीवर पिळा. भांडं चुलीवरून उतरवल्यावर पिळा, कारण उकळल्याने क जीवनसत्त्व कमी होतं. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर अंतर ठेवा, कारण चहा लोह अडवतो. जेवताना लाळ सुटते आणि घासासोबत लिंबू पुढे जातं, म्हणून दातांनाही त्याचा त्रास कमी.

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी

काहींना लिंबूपाणी आवडतं. काहींना मुतखड्यामुळे डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं. लघवीतलं सायट्रेट काही प्रकारचे खडे होऊ देत नाही, म्हणून तो सल्ला योग्य असतो. तो माझ्या लेखावरून बंद करू नका. फक्त पद्धत बदला.

आधी दात घासा, मग लिंबूपाणी घ्या. अर्धं लिंबू, मोठा ग्लास, पाणी फार गरम नको. घोट घोट घेत बसू नका आणि तोंडात घोळवू नका. सरळ पिऊन टाका. नळी असेल तर नळीने, म्हणजे समोरच्या दातांना कमी लागतं. प्यायल्यावर लगेच साध्या पाण्याने दोन-तीन चुळा भरा. त्यानंतर अर्धा ते एक तास दातांना ब्रश किंवा मंजन लावू नका. झोपण्यापूर्वी कधीही घेऊ नका, कारण रात्री लाळ नसते. ज्यांना घशाशी जळजळ होते किंवा पोटात अल्सर आहे, त्यांनी रिकाम्या पोटी टाळलेलंच बरं.

दात घासायला मऊ ब्रश आणि ज्या पेस्टच्या पाकिटावर फ्लोराईड लिहिलं आहे ती वापरा. फ्लोराईड लाळेतल्या क्षारांना कवचात परत बसायला मदत करतं. घासून झाल्यावर थुंका, पण खळाखळा चुळा भरून सगळी पेस्ट धुऊन टाकू नका.

आणि घरातल्या लहान मुलांना ही सवय लावू नका. दुधाच्या दातांचं कवच मोठ्यांच्या दातांपेक्षा पातळ असतं. एक वर्षाखालच्या बाळाला तर मध चाटवूही नये, त्यातून होणारा विषबाधेचा आजार बाळाला जिवावर बेततो.

वहिनींचं पुढे काय झालं

डॉक्टरांनी वहिनींच्या दातांवर फ्लोराईडचा लेप दिला, दोन दाढांतले खळगे भरले आणि मंजन सोडून मऊ ब्रश घ्यायला सांगितलं. वहिनींनी सकाळचं लिंबू बंद केलं. दोन-तीन महिन्यांत आंबणं बरंच कमी झालं. माठातलं पाणी आता त्या पितात. पण समोरच्या दातांचं जे कवच गेलं ते गेलंच. टोकं अजून पारदर्शक दिसतात आणि पिवळेपणा राहिला आहे. तो आयुष्यभराचा आहे.

मागच्या महिन्यात त्याच वस्तीत पुन्हा बैठक झाली. मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं की मागे मी दिलेला सल्ला अर्धवट होता, आणि का ते समजावलं. वहिनी पुढेच बसल्या होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी पदराआडून दात दाखवले आणि बाजूच्या सुनेला म्हणाल्या, “पाय माय, तू पेतं ना सकाळी? आजपासून ते लिंबू वरणात पिळ.”